ओटीपी देण्याआधी तार तपासा

प्रश्न : वकील मॅडम, घरी फायबरचं ब्रॉडबँड आहे, बिल महिन्याच्या महिन्याला येतं. दोन महिन्यांत पाच वेळा नेट बंद पडलं, मिळून अकरा दिवस. सगळ्यात लांबलेला खंड ३० ते ३ तारीख, चार दिवस. दरवेळी ॲपवर तक्रार करतो, माणूस येतो, नेट चालू होतं आणि आठवड्यात परत बंद. बंद दिवसांचे पैसे बिलातून वजा करा आणि पक्की दुरुस्ती कोणत्या तारखेला करणार ते सांगा म्हटलं, तर कॉल सेंटर म्हणतं, ‘तुमची एकही तक्रार पेंडिंग नाही.’ सगळ्या एसएमएसचे फोटो सोबत जोडलेत. चिडून या महिन्याचं बिल भरलेलं नाही. पुढे काय करू?

उत्तर : कॉल सेंटर खोटं बोलत नाही, आणि गोची नेमकी तिथेच आहे. तुमचे एसएमएस मी तारखेनुसार लावून पाहिले. चार दिवसांच्या त्या खंडात दोन वेगवेगळे डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक आहेत. पहिलं डॉकेट ३० तारखेला सकाळी उघडलं आणि १ तारखेला संध्याकाळी ‘तक्रार निवारण झाली’ म्हणून बंद झालं. दुसरं २ तारखेला सकाळी उघडून ३ तारखेला बंद झालं. पहिलं बंद होण्याच्या पाच मिनिटं आधी तुमच्या फोनवर ओटीपी आलेला दिसतो. माणूस दारात उभा, ‘नेट सुरू झालंय, तेवढा ओटीपी सांगा’ म्हणतो आणि आपण सांगून मोकळे होतो. तो ओटीपी म्हणजे तक्रार मिटल्याची तुमची सही आहे. असे प्रश्न माझ्याकडे सतत येतात आणि बहुतेकांत ही सही न तपासता दिलेली असते. त्याचा मला खरंच राग येतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडतं.

कसं ते पाहा. ट्रायचे सेवा-गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत. घरच्या तारेच्या जोडणीतला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर भाड्यात सवलत द्यावी लागते, आणि दिवस वाढतील तशी ती वाढते. हे तीन दिवस कंपनीच्या नोंदीत डॉकेटवर मोजले जातात. तुमचं एकही डॉकेट तीन दिवस उघडं राहिलेलं नाही. चार दिवस नेट नव्हतं, पण कागदावर दोन छोटे बिघाड आहेत आणि दोन्ही मुदतीत मिटलेले. सवलत शून्य.

म्हणून पहिलं काम, ही दोन डॉकेटं एकाच बिघाडाची आहेत हे दाखवणं. त्यासाठी कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे लेखी अपील करा. प्रत्येक कंपनीला ते ठेवावंच लागतं, पत्ता आणि ईमेल वेबसाइटवर असतो, फी नाही. मुदत तीस दिवसांची आहे. वाद नको म्हणून मी ती पहिलं डॉकेट बंद झालं त्या १ तारखेपासूनच मोजते. आज २४ आहे. तेव्हा ३० तारखेच्या आत अपील गेलं पाहिजे. अपिलावर ३९ दिवसांत निर्णय देणं कंपनीवर बंधनकारक आहे. मजकूर साधा ठेवा :

‘पहिल्या डॉकेटमधला बिघाड १ तारखेला दुरुस्त झालाच नव्हता. त्याच रात्री सेवा पुन्हा बंद पडली, म्हणून २ तारखेला दुसरं डॉकेट उघडावं लागलं. दोन्ही एकच बिघाड धरून नियमानुसार भाडेसवलत द्यावी. पाचही बिघाडांचं कारण, कायमच्या दुरुस्तीची तारीख आणि दुरुस्तीनंतरचं सिग्नलचं मोजमाप लेखी कळवावं.’

‘त्याच रात्री’ याला पुरावा लागेल. भिंतीवरच्या फायबरच्या डब्यावर LOS असं लिहिलेला दिवा असतो. प्रकाशाचा सिग्नल पोचत नसला की तो लाल होतो. त्या रात्रीचा लाल दिव्याचा फोटो फोनमध्ये असेल तर फोटोच्या तपशिलातली तारीख-वेळ दिसेल अशा रीतीने जोडा. नसेल, तर त्या रात्री ‘नेट पुन्हा गेलं’ असा कुणाला मेसेज केला असेल तोही चालेल.

तारखेबद्दल. पक्की तारीख द्यायला भाग पाडणारा वेगळा नियम नाही. बिघाड सुरू असतो तेव्हा तीन दिवस हीच तारीख. पण तुमचा बिघाड परत परत येतोय, म्हणजे मूळ कारण काढलं जात नाही. फायबर कुठेतरी जास्त वाकलेली असते किंवा जोड कच्चा असतो. माणूस तात्पुरतं सारखं करून जातो, सिग्नल कसाबसा पोचतो. त्याच्याकडे सिग्नलची ताकद मोजणारा पॉवर मीटर असतो. आकडा उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर लाइन ठीक आहे, उणे २७ च्या जवळ असेल तर ती अगदी काठावर आहे आणि जरा काही झालं की पुन्हा पडणार. पुढच्या वेळी तो आकडा विचारा, मीटरच्या पडद्याचा फोटो काढा. ‘सेवा पूर्ववत’ हे शब्द काहीच सिद्ध करत नाहीत, हा आकडा करतो. ओटीपी त्यानंतर, आणि नेट तासभर नीट चाललं तरच. ओटीपी न देताही तक्रार बंद झाली, तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्या आणि नवा डॉकेट नंबर जपून ठेवा.

उरलेल्या चार बिघाडांचे सात दिवस अपिलात मागा : महिन्याचं भाडं भागिले तीस, गुणिले सात. पण एक-दोन दिवसांचे ते बिघाड खरोखर मिटलेले असतील, तर गुणवत्तेच्या नियमात त्यांना सवलत नाही. ते पैसे ग्राहक कायद्यातली सेवेतील त्रुटी म्हणून मागायचे. मिळतीलच असं मी सांगणार नाही. वारंवारतेचा पुरावा जितका पक्का, तितकी शक्यता.

बिल मात्र आजच भरा. थकबाकी दिसली की कंपनी जोडणी तोडेल आणि वाद बंद नेटचा न राहता थकलेल्या बिलाचा होईल. भरताना ‘हरकत राखून भरत आहे, डॉकेट क्रमांक अमुक’ असा एका ओळीचा ईमेल पाठवा.

ट्रायला पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार निकाली काढत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करायला हरकत नाही, पण त्याने अपिलाची मुदत थांबत नाही. अपील फेटाळलं किंवा ३९ दिवसांत उत्तरच आलं नाही, तर तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षं, इतक्या छोट्या रकमेला फी नाही, वकीलही लागत नाही. कायदा निकालाला तीन महिने म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि सात दिवसांच्या भाड्यासाठी माणसं वर्षभर हेलपाटे घालताना मी पाहिली आहेत. तेव्हा सगळा जोर अपिलावर लावा. दोन्ही डॉकेटं, ओटीपीचा एसएमएस आणि फोटो एकाच ईमेलला जोडा, आणि ३० तारखेची वाट न पाहता या आठवड्यात पाठवा.