गुगल शीट: माल परत आल्याचा आपोआप ईमेल

प्रश्न: ‘संपले’चे ‘उपलब्ध’ झाले की ईमेल जावा म्हणून onEdit लावले, पण सूत्राने स्थिती बदलली की ईमेल जात नाही. काय करू?

`onEdit` हाताने केलेल्या बदलावरच चालते. सूत्राचे उत्तर बदलल्याचे त्याला कळत नाही. त्यामुळे ‘मागील स्थिती’ असा वेगळा स्तंभ ठेवावा, दर 10 मिनिटांनी चालणाऱ्या ट्रिगरने दोन्ही स्तंभ ताडून पाहावेत आणि ज्या रांगेत मागे ‘संपले’ व आता ‘उपलब्ध’ असेल, तिच्यासाठीच `MailApp.sendEmail` चालवून लगेच मागील स्थिती बदलावी. ती बदलायची राहिली, तर दर फेरीला तोच ईमेल पुन्हा जातो. माल संपतानाही, ईमेल न पाठवता, ही नोंद बदलावीच लागते. अन्यथा पुढच्या वेळी आलेला माल ट्रिगरच्या लेखी आधीपासूनच उपलब्ध असतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात येऊन संपलेला माल मात्र निसटतो, आणि माझ्या मते तो निसटलेलाच बरा.