60 दिवस कुठून आले?

‘मॅडम, एमबीएचा प्रोजेक्ट पूर्ण आहे, पण व्हायवाची धास्ती बसलीय. “हे गृहीत कशावरून धरलं? हीच पद्धत का?” असं विचारलं की मी गप्पच होतो. काय काय पाठ करू?’

पाठ काहीच करू नकोस, फाइल उघड, म्हटलं. केस दिंडोरीजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसची होती. 15 सप्टेंबरला काम सुरू, हातात 105 दिवस, कारण जानेवारीत माल यायला लागतो. प्रत्येक कामाचे तीन अंदाज घेणाऱ्या पर्ट पद्धतीने काढलेल्या क्रिटिकल पाथवर, म्हणजे एकूण मुदत ठरवणाऱ्या साखळीत, तीन कामं: पाया 27 दिवस, शेड 32, कूलिंग मशिनरी 39. बेरीज 98. प्रमाण विचलन अनुक्रमे 3, 4 आणि 5. वेळेत काम होण्याची शक्यता त्याने 84 टक्के काढली होती. गणित चोख.

‘भीती नेमकी कशाची?’

‘कामं एकमेकांपासून स्वतंत्र धरलीत ना, त्याची.’

भीती रास्त होती. परतीचा पाऊस लांबला की पायाही रखडतो आणि शेडही. मग त्या दोघांचं विचलन वर्ग करून नाही, सरळ मिळवायचं: 3 आणि 4 मिळून 7. त्यात मशिनरीचे 5 वर्ग करून धरले की एकूण 8.6 येतं, आधी 7.1 होतं. शक्यता उतरली 79 टक्क्यांवर. ‘एवढंच?’ म्हणाला. हो, एवढंच. ज्यापायी महिनाभर झोप उडाली होती, त्याने उत्तर पाच टक्केच हललं.

मग मी मशिनरीच्या ओळीवर बोट ठेवलं. आशावादी 30, संभाव्य 36, निराशावादी 60. ‘हे 60 कुठून आले?’

तो बराच वेळ पानाकडे बघत राहिला. ‘अंदाजे टाकले.’

माझ्या अनुभवात पोरं सूत्राच्या प्रश्नावर क्वचितच अडकतात, अडकतात ती इथे. त्याला तिथूनच ठेकेदाराला फोन लावायला सांगितला. समोरून उत्तर आलं, ‘ट्रान्सफॉर्मर अडकला तर 84 दिवस धरा.’ 84 टाकल्यावर मशिनरीची सरासरी 43 झाली, विचलन 9, एकूण 102 दिवस. पाऊस धरून शक्यता उरली साधारण 60 टक्के.

प्रत्येक गृहीत असं एकेक हलवून बघायचं. ज्याने उत्तर सर्वांत जास्त हलतं त्याचा आधार तोंडपाठ हवा: कोणाला विचारलं, कधी, ते काय म्हणाले. तीनच कामांवर नॉर्मल वक्र लावणं कच्चं आहे, हेही परीक्षकांनी काढायच्या आत आपणच कबूल करावं.

त्याने 84 टक्के खोडून 60 लिहिले आणि विचारलं, ‘मग शिफारसही बदलावी लागेल ना?’ लागणारच होती. वीजजोडणीचा अर्ज पायाच्या कामाआधी, ऑगस्टमध्येच करावा, असं नवं वाक्य त्याने तिथेच बसून लिहिलं.