दुकानदारांना पाठवायच्या पत्राबद्दल

प्रिय मित्रा,

आपल्या बांबूच्या वस्तू विकायला ठेवाव्यात म्हणून दुकानदारांना लिहिलेल्या पत्राचा तुझा मसुदा वाचला. पहिले दोन परिच्छेद बांबूच्या गुणगानात गेलेत, ते काढ. दुकानदार आधी वस्तू, माप आणि दर शोधतो. सुरुवात अशी कर: ‘दिव्याची शेड, व्यास १० इंच, उंची १२ इंच, संस्थेचा दर ४८० रुपये, छापील किंमत ८०० रुपये.’ म्हणजे त्याला ३२० रुपये सुटतात, छापील किमतीच्या ४० टक्के. हा हिशोब त्याच्यावर सोडू नकोस, पत्रातच मांड. वाहतूक कोणाकडे आणि वाटेत मोडलेला नग कोणाच्या खाती, हेही तिथेच लिही. भांडणं बहुतेक त्यावरूनच होतात.

मोठी चूक मात्र पुढे आहे. ‘आमच्या सर्व वस्तू बोरॅक्सने प्रक्रिया केलेल्या आहेत’ असं लिहून खाली यादीत शेड, रद्दीची टोपली, रोवळी आणि सूप एकत्र दिलंस. भुंगा लागू नये म्हणून शंभर लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड घालून कामट्या बुडवणं शेडसाठी योग्यच. पण हे क्षार पाण्यात विरघळतात. रोवळीत तांदूळ धुतले की ते तांदळात उतरणार, आणि रोवळीतून निघून गेल्यावर भुंग्यापासून संरक्षणही उरणार नाही. म्हणून दोन याद्या कर. शोभेच्या आणि खाण्याशी संबंध नसलेल्या वस्तू प्रक्रिया केलेल्या. त्यांच्या चिठ्ठीवर ‘कोरड्या फडक्याने पुसा, धुऊ नका, खाद्यपदार्थ ठेवू नका’ असं छाप. रोवळी-सुपं बिनप्रक्रियेची, पावसाळा सरल्यावर तोडलेल्या तीन वर्षांवरच्या बांबूची. भुंगा बांबूतल्या पिष्टावरच येतो, ते अशा बांबूत कमी असतं. हा माल थोडाथोडा, दर महिन्याला द्यायचा.

दुकानदाराला ओळख सांगून ठेव: फळीवर पिठासारखी भुकटी आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर भुंगा, तो नग लगेच बाजूला काढावा, आपण बदलून देऊ. हिरवट-काळे डाग म्हणजे बुरशी. ओलसर माल प्लास्टिकमध्ये बंद केला की ती हमखास येते, त्यामुळे आपण पुठ्ठ्याच्या खोक्यातच पाठवतो, असं लिही.

‘कितीही माल देऊ’ हे वाक्य खोड. सहा कारागीर, प्रत्येकी दिवसाला दोन शेड, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ७२ नग. पावसाळ्यात कामट्या वाळायला वेळ लागतो, तेव्हा निम्मे धर. दिवाळीसाठी ३०० हवे असतील तर मागणी जुलैअखेर मिळावी.

पैशांचं शेवटी, पण स्पष्ट. संस्थेची उद्यम नोंदणी असेल तर क्रमांक दे. मग दुकानदाराने पैसे द्यायची मुदत लेखी करार असेल तर कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. दुकानदार ‘विकलं की देतो’ म्हणाला, तर पहिल्या वेळी दहा नगांपुरतंच मान्य कर आणि न विकलेला माल परत घ्यायची तारीख आधीच लिहून घे.

तुझा,
काका