वडिलांनी वडिलोपार्जित जमीन आम्हाला न विचारता विकली, व्यवहार रद्द होईल का?

होऊ शकतो, पण सही घेतली नाही एवढ्यावरच नाही, कारण घराचा कर्ता म्हणून वडिलांना घराच्या खऱ्या गरजेसाठी (कुटुंबाचं कर्ज, आजारपण, मुलीचं लग्न, सरकारी देणं) बाकीच्यांना न विचारता विकता येतं. तुमच्या बाजूची गोष्ट म्हणजे गरज होती किंवा गरजेची नीट चौकशी करूनच जमीन घेतली होती हे खरेदीदारानेच सिद्ध करायचं असतं, आणि खरेदीखतात नुसतं ‘कौटुंबिक अडचणीसाठी’ लिहिलंय म्हणून ते सिद्ध होत नाही. म्हणून पैसा कुठे गेला ते आधी शोधा. समजा २० लाख आले, त्यातले १७ जुनं कर्ज आणि दवाखान्यात गेले, तर ३ लाखांचा हिशोब लागत नाही म्हणून कोर्ट सहसा व्यवहार मोडत नाही. पण तेव्हा कर्जच नव्हतं आणि पैसा वडिलांनी स्वतःवर उडवला, तर दिवाणी कोर्टात विक्री आपल्यावर बंधनकारक नाही असं जाहीर करून मागा, सोबत वाटप आणि ताबाही मागा. मुदत खरेदीदाराने ताबा घेतल्यापासून १२ वर्षं. फक्त एक, महाराष्ट्रात वडिलांचा स्वतःचा हिस्सा तरीही खरेदीदाराकडेच राहतो, सुटतो तो तुमचा.