‘असून’ काढून टाकला तेव्हा

“मॅडम, सोमवारी नवीन कंपनीत रुजू व्हायचंय. साहेबांना पहिल्यांदा भेटून ओळख करून द्यायची आहे. पाठ करून गेलो तर शाळेत कविता म्हटल्यासारखं होतं, न करता गेलो तर त-त-प-प होतं. काय करू?”

जून-जुलैत बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य थोड्याफार फरकानं आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. डिप्लोमा नाहीतर बी.कॉम. करून पहिली किंवा दुसरी नोकरी धरणारी मुलं खानापूर, निपाणी, चिकोडीकडून येतात. त्यातल्या एकाचीच गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, परशराम म्हणू. वय चोवीस, गाव जांबोटीच्या बाजूला. दोन वर्षं मच्छेतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये काढलेली, आता उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून लागलेला. आमच्या चार भेटी झाल्या. इथं त्यातलं मोजकंच देते.

पहिल्या भेटीत मी म्हटलं, “मीच साहेब. ये आत.”

तो उभा राहिला, नजर माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर लावली आणि एका दमात सुरू झाला. “गुड मॉर्निंग सर. माझे नाव परशराम. मी खानापूर तालुक्याचा रहिवासी असून माझे शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल झाले आहे. मला दोन वर्षांचा अनुभव असून मी मेहनती व प्रामाणिक...”

“खानापूरहून रोज ये-जा करणार?” मी मध्येच विचारलं.

तो थांबला. ओठ हलले. मग म्हणाला, “माझे नाव परशराम. मी खानापूर तालुक्याचा...”

पाठांतर असं उघडं पडतं. चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून ते कळेलच असं नाही, पण मध्ये कुणी बोललं की कळतं. पाठ केलेली वाक्यं मण्यांच्या माळेसारखी असतात. एक मणी निसटला की पुन्हा गाठीपासून ओवायला लागतं. आणि साहेब लोक मध्ये बोलतातच. फोन वाजतो, कुणी सही घ्यायला येतं, किंवा ते आपल्या प्रश्नाकडं वळतात.

दुसरी खूण भाषेची. बोलताना ‘असून’ कोण म्हणतं? ‘माझे’, ‘झाले आहे’, ‘रहिवासी’ ही अर्जातली मराठी. तो घरी ‘माझं’ म्हणतो आणि मित्रांत ‘मी काय करूलालोय बघ’ म्हणतो. आपलं बोलणं लिहून काढलं की हात आपोआप अर्जाच्या भाषेकडं जातो, मग तीच भाषा तोंडात बसते. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण माणूस बोलत नाहीये, कागद बोलतोय, हे जाणवतं. म्हणून मी या मुलांना पहिली गोष्ट सांगते की ओळख लिहायची नाही. फार तर तीन शब्द टिपायचे.

दुसऱ्या भेटीत मोबाईल लावला. आधी त्याला त्याच्या पद्धतीनं बोलायला सांगितलं, म्हणजे पुढचं वाक्य मनात जुळवत, ‘मी कसा दिसतोय’ याकडं लक्ष ठेवत. मग दुसऱ्यांदा सांगितलं, “आता वाक्यं सोड. माझ्या टेबलावर काय काय आहे ते बघत, जे सुचेल ते बोल.” दुसऱ्या वेळी तो दोनदा अडखळला आणि मध्ये एकदा गप्पच झाला.

“कुठला बरा झाला?”

“पहिला. दुसऱ्यात मी पाच-सहा सेकंद दगडासारखा उभा होतो, मॅडम. घाम येऊलालता.”

रेकॉर्डिंग लावलं. ते पाच-सहा सेकंद म्हणजे दोन सेकंदही नव्हते. आणि त्यात तो दगडासारखा दिसत नव्हता, विचार करून बोलणाऱ्या माणसासारखा दिसत होता. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र डोळे भिंतीवर, हात मांड्यांना चिकटलेले. त्यानं ते तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा हळूच म्हणाला, “यात मी तुमच्याकडं बघतच नाही.”

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली हेच मांडलं होतं, आणि माझं काम गेली कित्येक वर्षं त्याच वाटेनं चाललं आहे. चारचौघांत बोलताना घाबरणारा माणूस समोरच्याकडं बघतच नाही. तो आतून स्वतःकडं बघत असतो आणि आतल्या धडधडीवरून बाहेर आपण कसे दिसत असू याचा अंदाज बांधतो. तो अंदाज बहुतेकदा खऱ्यापेक्षा वाईट असतो. स्वतःला वाचवायला म्हणून जे करतो, वाक्यं मनात घोकणं, हात आवळणं, भरभर बोलून मोकळं होणं, त्यानंच बोलणं कृत्रिम होतं. पाठांतराला ही मुलं औषध समजतात. मी त्याला दुखण्यातच धरते.

पण ‘पाठ करू नको’ एवढंच सांगून भागत नाही. घोकंपट्टी काढली की त्या जागी काहीतरी द्यावं लागतं. ते परशरामनंच मला दिलं, तिसऱ्या भेटीत.

मी सहज विचारलं होतं, “फाउंड्रीतून तुमच्याकडं माल यायचा, त्यात काय दोष निघायचे?”

“ब्लो होल, मॅडम.”

“म्हणजे?”

तो खुर्चीत पुढं सरकला. टेबलावरचा पेपरवेट उचलला. “हे कास्टिंग समजा. रस ओतताना आत वायू अडकतो. वाळूत ओल जास्त असली तर वाफ होते, ती पण अडकते. वरून बघितलं तर गुळगुळीत. आम्ही मशीनवर चढवून दोन मिलिमीटर काढलं की आत भोक! म्हणजे तोवरची मेहनत गेली. आमच्याकडं त्यावरूनच भांडणं.” पेपरवेट फिरवून फिरवून तो दाखवत होता. माझ्या चेहऱ्याकडं बघत होता, मला समजलं की नाही म्हणून. मी मध्ये दोन प्रश्न विचारले. त्यानं त्यांची उत्तरं दिली आणि पुन्हा आपल्या जागेवर आला, माळ काही तुटली नाही.

तो क्षण मी अजून विसरलेले नाही. हाच मुलगा, हीच खोली, समोर मीच. फरक एवढाच की त्याचं लक्ष स्वतःवरून उठून पेपरवेटवर गेलं होतं. मी म्हटलं, “परशराम, आत्ता तू साहेबांशी बोललास.”

त्याला कळेना. मग आम्ही मिळून ओळख रचली. तिची दोन टोकं पक्की ठेवली, मधला भाग मोकळा. पहिलं टोक म्हणजे नमस्कार, नाव आणि कशावर रुजू झालो. एवढं ठरवून जायला हरकत नाही, कारण आपलं नाव कुणी पाठांतरासारखं म्हणत नाही. फक्त नावाशी क्षणभर थांबायचं, म्हणजे समोरच्याला ते ऐकू येतं. शेवटचं टोक म्हणजे एक साधा कामाचा प्रश्न. बहुतेकांची गाडी इथंच घसरते. कुठं थांबायचं ते माहीत नसतं म्हणून ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘संधी दिल्याबद्दल’ असे डबे जोडत जातात. प्रश्न विचारला की आपलं बोलणं संपतं आणि साहेबांचं सुरू होतं. मधे आपल्या कामातली एकच गोष्ट, जी आपण डोळ्यांनी बघितली आहे. शिक्षण, टक्केवारी, तालुका हे साहेबांनी अर्जात वाचलेलं असतं. आणि ओळख करून द्यायला एचआरचं कुणी बरोबर आलं, तर पहिलं टोकही गाळायचं.

पहिल्या प्रयत्नात तो म्हणाला, “सर, तुमच्या कास्टिंगमध्ये ब्लो होल फार...” तिथंच थांबवलं. पहिल्या दिवशी तक्रार नको. आपलं बघितलेलं सांगायचं, त्यांचं चुकलेलं नाही.

मग त्याला घरचा अभ्यास दिला. तोच मजकूर पाच जणांना सांगायचा: आईला, मित्राला, मामाला, बेकरीवाल्याला, एसटीत शेजारी बसणाऱ्याला. अट एकच, सलग दोनदा तेच शब्द आले तर तिसऱ्यांदा मुद्दाम बदलायचे. असं केलं की वाक्य पाठ होत नाही, मुद्दा पाठ होतो.

राहिला भाषेचा प्रश्न, जो आपल्या भागात प्रत्येकालाच पडतो. साहेब हुबळीकडचे, कन्नड बोलणारे. परशरामनं मित्राकडून कन्नडची चार वाक्यं लिहून आणली होती. मी ती बाजूला ठेवायला लावली. चार वाक्यं अस्खलित म्हटलीस तर उत्तर भरधाव कन्नडमध्ये येणार आणि पाचव्या वाक्याला तू पुन्हा भिंतीकडं बघणार. नमस्कार त्यांच्या भाषेत कर, तो आदर आहे आणि तो पोचतो. येतं तेवढंच खरं सांग. पुढं ज्या भाषेत तुला विचार करावा लागत नाही, तिच्यात बोल.

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. आत गेला तेव्हा साहेब फोनवर होते. हातानंच ‘थांब’ केलं. पूर्वीचा परशराम त्या वेळात माळ ओवत बसला असता. यानं टेबलावर बघितलं. तिथं पेपरवेट म्हणून एक कास्टिंगचा तुकडाच ठेवलेला होता. फोन संपला. साहेब म्हणाले, “बर्री, कूड्री.” म्हणजे या, बसा. हात पुढं आला नाही, म्हणून यानंही केला नाही, हात जोडले.

“नमस्कार्री सर. मी परशराम, आजपासून क्वालिटीत आहे. कन्नड स्वल्प बरतदरी.”

कन्नड थोडंसंच येतं म्हटल्यावर साहेब हसले. “मराठी चलेगा, बोलो.”

“मच्छेला मशीन शॉपला होतो, सर. तिथं ब्लो होल आम्हाला मशीनिंगला घेतल्यावरच दिसायचे. इथं ते आधी कसे पकडतात ते बघायचंय. सुरुवातीला कुणाबरोबर थांबू?”

तीसेक शब्द, पंधरा सेकंदही लागले नसतील. मधे एकदा ‘मशीनिंग’ला जीभ अडली, तो थांबला आणि पुढं बोलला. साहेबांनी टेबलावरचा तो तुकडा उचलून त्याच्या हातात दिला आणि विचारलं, “इसमें दिखता है क्या?”

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हे सगळं चालतं ते नव्या माणसासमोर होणाऱ्या नेहमीच्या धास्तीला. बोलावं लागेल म्हणून जो मुलाखतीलाच जात नाही, चारचौघांत जेवत नाही, फोन उचलत नाही आणि हे महिनोन्‌महिने चाललं आहे, त्याला पंधरा सेकंदांच्या ओळखीनं आराम पडणार नाही. त्यानं मानसोपचारतज्ज्ञांना गाठावं. मानसिक आरोग्यासाठीचा टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, आणि धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आपल्यापासून लांब नाही.

संध्याकाळी परशरामचा पुन्हा फोन आला, आवाज जरा काळजीचा.

“मॅडम, गाव कुठलं ते सांगायचं राहूनच गेलं.”

“मग?”

“चार वाजता चहाला त्यांनीच विचारलं.”