पाच रत्तीचे दोन नीलम, भावात एवढा फरक का?

प्रश्न: ठाण्यात गोखले रोडवर पाच रत्तीचे दोन गडद निळे नीलम पाहिले. एक दुसऱ्याच्या कितीतरी पट महाग कसा?

उत्तर: गडद म्हणजे भारी, हा समज आधी सोडा. भाव मिळतो तो मध्यम ते किंचित गडद, भरगच्च निळ्याला. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच चमकतात. खडा दारात आणून दिवसाच्या उजेडात बघा. शाईसारखा काळपट दिसला, की किंमत उतरलीच.

तापवून रंग खुलवणं बाजारात सर्रास चालतं, मात्र तेवढाच सुंदर न तापवलेला खडा बराच महाग जातो. अगदी स्वस्तातला बहुधा कोबाल्टमिश्रित शिशाची काच भरलेला निघतो. भिंगातून पाहिलं तर त्याच्या भेगांमध्ये निळा रंग साचलेला दिसतो, आणि अंगठी दुरुस्तीला टाकली की सोनाराच्या आम्लात काच खराब होते. लोक फसतात ते इथेच: दुकानाच्या कार्डावर ‘नैसर्गिक’ एवढंच वाचतात. स्वतंत्र लॅबच्या रिपोर्टातली ट्रीटमेंटची ओळ बघा.