पोटावरचे केस गेलेली मांजर: ‘स्ट्रेस’ म्हणण्याआधी

प्रश्न: आमची मनी चार वर्षांची, नसबंदी झालेली, फक्त घरातच असते. जूनमध्ये शनिवार पेठेतून वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. दीड महिन्यात तिच्या पोटावरचे आणि मांड्यांच्या आतले केस साफ गेले. कातडी स्वच्छ आहे, जखम नाही, पिसवा दिसत नाहीत. डॉक्टर म्हणाले घर बदलल्याचा स्ट्रेस आहे. एक इंजेक्शन दिलं, पंधरा-वीस दिवस बरं होतं, मग परत चाटणं सुरू. आता काय करू?

उत्तर:

सर्वात आधी फाइलवर त्या इंजेक्शनचं नाव बघा. मेथिलप्रेडनिसोलोन किंवा ट्रायमसिनोलोन लिहिलं असेल तर ते लांब असर असलेलं स्टिरॉइड आहे. स्टिरॉइडने खाज दबते, मानसिक ताणामुळे सुरू झालेलं चाटणं सहसा थांबत नाही. मनी तेवढे दिवस शांत होती, म्हणजे तिला बहुधा खाजच होती. हा पक्का पुरावा नव्हे, पण स्ट्रेसच्या निदानावर शंका घ्यायला पुरेसा आहे. ‘स्ट्रेस’ असा शिक्का बसून तज्ज्ञांकडे आलेल्या 21 मांजरांचा एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला होता. नीट तपासल्यावर त्यातल्या 16 जणांना खाज आणणारा आजार निघाला, तिघांना आजार आणि ताण दोन्ही, आणि निव्वळ ताण फक्त दोघांना.

केस गळताहेत की ती चाटून तोडते आहे, हे आधी ठरवा. टक्कल पडलेल्या भागावर उलटा हात फिरवा. दाढीच्या खुंटासारखं खरखरीत लागलं तर केस मुळाशी आहेत, टोकं तुटली आहेत. डॉक्टर चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली हेच बघतात: टोक निमुळतं असेल तर केस आपोआप गळलाय, तुटकं असेल तर चाटून. बऱ्याच मांजरी माणसांसमोर चाटत नाहीत, त्यामुळे जुना मोबाइल रात्री रेकॉर्डिंगला लावून ठेवा. शीमध्ये केसांचे पुंजके किंवा वरचेवर ओकारीत केसांचे गोळे, हीही खूणच.

आता घर बदलण्याबद्दल. घर बदललं म्हणून ताण, हा तर्क सोपा आहे, पण त्याच घटनेतून पिसवाही येतात. आधीच्या भाडेकरूकडे मांजर किंवा कुत्रा असेल, तर पिसवांचे कोश फरशीच्या फटीत, सोफ्यात, गालिच्यात महिनोन्‌महिने पडून राहतात. रिकाम्या घरात कोणी चालायला लागलं की ती थरथर, ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवून आतली पिसू बाहेर येते. त्यात जून म्हणजे पुण्याची कोरडी हवा संपून दमट हवा सुरू होण्याचा महिना, पिसवांना हवा तसा. तेव्हा मनी घराबाहेर जात नाही एवढ्यावरून पिसवा नाहीत असं म्हणता येत नाही.

दिसत नाहीत, कारण चाटणारी मांजर त्या गिळते. पिसवांच्या लाळेची अॅलर्जी असेल तर थोडे चावेही पुरतात. उवा-लिखांची बारीक दातांची लोखंडी फणी घ्या. शेपटीच्या मुळाशी, मानेवर आणि हनुवटीखाली फिरवा, निघालेली घाण पांढऱ्या ओल्या टिश्यूवर झटका. काळ्या कणांभोवती लालसर-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. गुदाभोवती भाताच्या शितासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी आहे आणि तो मांजरांना बहुतेक वेळा पिसू गिळूनच होतो. काहीच नाही सापडलं, तरी पिसवा नाहीत हे सिद्ध होत नाही.

म्हणून पहिली पायरी म्हणजे उपचार करूनच पाहणं. मांजरांसाठीचं स्पॉट-ऑन, उदाहरणार्थ सेलामेक्टिन, डॉक्टरांकडून वजनानुसार घ्या आणि महिन्यातून एकदा असं सलग तीन महिने लावा. मानेच्या मागे, कवटीच्या खाली, केस बाजूला सारून थेट कातडीवर. केसांवर सांडलं तर औषध वाया जातं. घरातल्या प्रत्येक मांजर-कुत्र्याला त्याचं त्याचं औषध त्याच दिवशी. तीन महिने का, तर कोशातल्या पिसवा औषधाने मरत नाहीत, त्या बाहेर येतील तशा मरतात. दोन आठवड्यांत “फरक नाही” म्हणून सोडून देणं ही इथली नेहमीची चूक. रोज व्हॅक्युम फिरवा, सोफ्याच्या शिवणीतसुद्धा, आणि कचरा लगेच घराबाहेर टाका. अंथरुणं 60 अंशांच्या पाण्यात धुवा.

कुत्र्यांचं पर्मेथ्रिनचं औषध मांजरीला “थोडंसंच” म्हणून लावू नका. झटके येतात, जीवही जातो. कापूर आणि टी ट्री तेलही नको, ती चाटणारच आहे.

सेलामेक्टिनने खरजेचे आणि कानातले किडेही बहुधा आवरतात. खरूज मुख्यतः कानाच्या कडांवर आणि चेहऱ्यावर जाड खपल्या आणते. पाठीवर भरपूर कोंडा आणि घरातल्यांच्या हातावर खाजरे लाल ठिपके असतील तर कोंड्याच्या किड्याचा संशय घ्या. गोल, खवलेदार चट्टा असेल तर आधी बुरशीची तपासणी, ती माणसांनाही होते. मनीचं चित्र यातलं कुठलंच वाटत नाही.

तीन महिन्यांत फरक नाही पडला तर अन्न. पिसवांचं औषध चालूच ठेवून आठ आठवडे एकच असं मांस द्या जे तिने कधी खाल्लेलं नाही. कोरड्या खाण्यात चिकन आणि मासे असतातच, तेव्हा बटेर किंवा, आधी दिलं नसेल तर, मटण: नुसतं उकडून, मीठ-हळद-कांदा-लसूण न घालता. घरच्या जेवणात टॉरिन या मांजरांना लागणाऱ्या पोषकद्रव्याची कमतरता राहते, म्हणून मुदत आणि पूरक डॉक्टरांना विचारून ठरवा, किंवा त्यांच्याकडून हायड्रोलाइज्ड, म्हणजे अॅलर्जी होऊ नये म्हणून बारीक तोडलेल्या प्रथिनांचं खाणं घ्या. दूध, खाऊ, आजीने लपवून दिलेला बोंबिलाचा तुकडा, सगळं बंद. एका तुकड्याने हिशेब चुकतो. नव्या अन्नाकडे ती बघतच नसेल तर उपाशी ठेवून जिंकायला जाऊ नका, दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजरीचं यकृत बिघडू शकतं. चाटणं कमी झालं तर जुनं अन्न परत द्या. एक-दोन आठवड्यांत खाज परतली, तरच अन्न दोषी ठरलं. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि पुढे वर्षभर महागडं खाणं घेत बसतात.

दोन्ही करून उपयोग नाही झाला, तर धूळ-परागकणांची अॅलर्जी आणि मग ताण, या क्रमाने. ताण खरा असेल तर चाटण्याला वेळ-प्रसंग असतो: बेल वाजली, खिडकीबाहेर परकं मांजर आलं, लिटर बॉक्स वॉशिंग मशीनशेजारी आहे. मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये हेच शोधा, आणि खिडकीचा खालचा भाग झाकून पाहा.

या सगळ्यात लांब असरचं स्टिरॉइड परत घेऊ नका. ते दोन्ही चाचण्यांचा निकाल पुसून टाकतं आणि वारंवार घेतल्यास मधुमेहाचा धोका वाढतो. फारच खाजत असेल तर डॉक्टरांना थोड्या दिवसांच्या गोळीबद्दल विचारा.

आणि नेमकं पोटाच्या खालच्या भागात चाटते म्हणून लघवीची तपासणी आजच करून घ्या. मूत्राशय दुखत असलं की मांजर तिथेच चाटते. थेंब-थेंब लघवी, लिटरमध्ये वारंवार फेऱ्या किंवा रक्त दिसलं, तर तीन महिन्यांचं वेळापत्रक बाजूला ठेवून आधी ते बघा.